साबणाला कुठं किडे पडतेत?

मागच्या आठवड्यात माझ्या मोठ्या जाऊबाई परभणीहून देवगिरीनं मुंबईला निघाल्या, लेकीकडं. बॅग भरताना त्यांनी कपाटातून दिवाळीच्या प्रवासातली शाम्पूची छोटी बाटली काढली. तळाशी बोटभर शाम्पू उरला होता. त्यावर मोठ्या बाटलीतला ओतायचा आणि पुरवठ्याला यावा म्हणून थोडं नळाचं पाणी घालायचं, हा त्यांचा नेहमीचा हिशोब. मी म्हटलं, "ताई, थांबा, पाणी नका घालू." तर म्हणाल्या, "काही होत नाई गं, साबणाला कुठं किडे पडतेत?"

मी बाटली हातात घेऊन झाकण उघडलं. फुस्स आवाज आला. वास बघितला तर ओलं फडकं दोन दिवस बादलीत राहिल्यासारखा. ओतला तर पाण्यासारखा पातळ. दिवाळीतही त्यात बोअरचं पाणी घातलं होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

मी बी.फार्म., लग्नाआधी तीन वर्षं क्रीम-लोशनच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. त्यामुळं या विषयावर घरात मला कुणी ऐकत नसलं तरी इथं लिहिते.

शाम्पूला किडे पडतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. शाम्पूत बहुतांश पाणीच असतं, आणि ते नासू नये म्हणून त्यात मोजून प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असतं. बऱ्याच शाम्पूंत ते सोडियम बेंझोएट असतं. निम्मं पाणी घातलं की ते निम्मं होतं, इथवर कुणालाही कळतं. खरी गंमत पुढं आहे. बेंझोएट फक्त आंबट माध्यमात काम करतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी. पीएच ५ असेल तर बेंझोएटचा साधारण १४ टक्के भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो. पीएच ६ झाला की जेमतेम दीड टक्का. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतंच. असलं पाणी शाम्पूचा आंबटपणा मारतं. म्हणजे पाणी घालून औषध निम्मं केलं आणि उरलेल्याचे दातही काढून घेतले. शिवाय बऱ्याच शाम्पूंचा दाटपणा मिठाच्या मापावर असतो. पाणी पडलं की तोही जातो, आणि मग "कंपनीचा मालच पातळ" म्हणायला आपण मोकळे.

त्या पाण्यात स्यूडोमोनाससारखे जंतू आरामात वाढतात. धडधाकट माणसाच्या केसांना कदाचित काही होणार नाही. पण डोळ्यात गेला, डोक्याला खरवडलेलं असलं किंवा घरात केमोथेरपी चालू असलेलं माणूस असलं, तर ते अंगावर येऊ शकतं. आणि वास आला नाही म्हणजे शाम्पू चांगला, असंही नाही. वास शेवटी येतो.

पाणी न घालताही तोच घोळ होतो, कारण बाटली ओली असते. धुतली, झटकली, भरली. कोपऱ्यात, झाकणाच्या आट्यांत थेंब राहतातच. भांड्याच्या साबणानं धुवा, शेवटचं पाणी उकळून गार केलेलं वापरा, झाकण वेगळं करून स्वच्छ फडक्यावर पालथी ठेवा. आपल्या मे महिन्यात एका दिवसात खडखडीत वाळते, पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. म्हणून हे काम निघायच्या रात्री करायचं नाही.

क्रीम बोटानं काढायचं नाही. स्टीलचा चमचा उकळून वाळवून घ्या. सनस्क्रीन मात्र मूळ ट्यूबमध्येच राहू द्या. उन्हात डबीत तेल-पाणी वेगळं झालं तर तोंडाला एकसारखं लागतच नाही.

आता सांडण्याचं. एसटीत खिडकीपाशी ठेवलेली बॅग तापते, अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पूला बाहेर ढकलते. जाऊबाईंची एक पैठणी अशीच गेली आहे, तो विषय नको. मऊ बाटली असेल तर गळ्यापर्यंत भरा, किंचित दाबून हवा काढा आणि दाबलेली असतानाच झाकण लावा. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथंही हाच उपाय. टिचकीच्या झाकणाखाली स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून आटे फिरवले तर अजून चांगलं.

खरं सांगू? चार दिवसांच्या प्रवासात दोनदा केस धुणार, म्हणजे १५-२० मिली शाम्पू. त्यासाठी किराणा दुकानातल्या पुड्या न्याव्यात. कारखान्यात बंद झालेल्या असतात, कुणाचं बोट लागलेलं नसतं. ओतून न्यायचा तो फक्त त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेला, आणि त्यात तर पाण्याचा थेंबही नको.

जाऊबाई शेवटी पुड्या घेऊन गेल्या. पण मागच्या खेपेला उरलेला शाम्पू त्यांनी मोठ्या बाटलीतही परत ओतला असावा, असा मला दाट संशय आहे. ती बाटली सध्या मी फरशी धुवायला काढली आहे.