मैत्रिणीचा वाढदिवस नासवण्याची पक्की रीत

मैत्रिणीचा वाढदिवस आलाय? माळ्यावरून जुन्या फोटोंची पिशवी काढलीत? उत्तम. आता त्या फोटोखाली असं काय लिहायचं की बिचारीला आठवडाभर फोन बंद ठेवावा लागेल, ते मी सांगते. नुकताच माझ्यावरच प्रयोग झालाय, तेव्हा अधिकारवाणीने सांगते.

फोटो निवडताना तुम्ही स्वतः त्यात नसाल असाच निवडा. असलात तर सरळ कापून टाका स्वतःला. हसं व्हायचं ते तिचं एकटीचं व्हावं.

तिला विचारायचं? छे! सरप्राइज असतं ना.

मजकूर सुचत नसेल तर डोकं शिणवू नका. ‘लाखो दिलांची धडकन, डीजेशिवाय पाऊल न उचलणाऱ्या...’ हा तयार माल गावभर फिरतोच आहे. नाव तेवढं बदला. गेल्या महिन्यातल्या उत्सवमूर्तीचं नाव चुकून राहिलं तरी कोण वाचतंय?

आणि मुख्य मसाला म्हणजे वजन. ‘तेव्हा किती बारीक होतीस गं!’ हे वाक्य नसेल तर फोटो टाकलाच कशाला? माझं उदाहरण घ्या. सातवीतलं स्नेहसंमेलन, मी मावळा, काजळाने रंगवलेली मिशी. छत्तीस फोटोंचा रोल सगळ्या कार्यक्रमाला पुरवायचा, त्यामुळे आमच्या नाटकाच्या वाट्याला फोटो आला एकच. धुऊन येईपर्यंत कुणाचे डोळे मिटलेत तेही कळायची सोय नव्हती. तर त्या एकुलत्या एक फोटोत मी तलवार उगारून आरोळी ठोकतेय आणि अर्धी मिशी घामाने ओघळून गालावर आलीय. मला स्वतःला हा फोटो जीव की प्राण आहे. कुणीही बघावा आणि हसावं.

पण माझ्या वाढदिवसाला तो टाकणाऱ्या मैत्रिणीने, बाईसाहेबांनी, खाली काय लिहावं? ‘ओळखा पाहू कोण? तेव्हा काडी, आता गाडी!’ पुढे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे, आणि शेवटी दहावीतल्या एका मुलाचं नाव. आडनावासकट! तो मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे, त्याची बायको हे वाचते. माझी मुलगीही वाचते. मिशीबद्दल मात्र एक अक्षर नाही. मिशी, अहो! फोटोत हसण्यासारखं जे आहे ते सोडून ही माझ्या कमरेवर गेली. मग खाली रांग लागली, ‘वहिनी, डाएट सुरू करा’, ‘बाळंतपणानंतर होतंच असं’. माझ्या वाढदिवसाला माझ्या कमरेवर परिसंवाद! ऑफिसातले साहेबसुद्धा अंगठा दाखवून गेले, कारण बाईसाहेबांनी मला टॅग करून ठेवलेलं.

तेव्हा तुम्हीही टॅग कराच. नुसत्या स्टेटसला ठेवलंत तर ते चोवीस तासांत उडून जाईल, मग सासरच्यांनी बघायचं कधी?

बरं, पुरे झाला उपरोध. याच फोटोखाली काय लिहिता आलं असतं? ‘दुसऱ्या प्रवेशात मावळ्याची मिशी गालावर आली. ती बघून महाराज, म्हणजे मी, खुदकन हसले आणि संवाद विसरले. बाई मावळ्यालाच रागावल्या. या मावळ्याने आजतागायत माझं नाव सांगितलेलं नाही. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा गं!’ झालं. यात माझी टर आहेच, मिशीची तर भरपूर आहे. पण मिशी पुसता येते, अंग पुसता येत नाही. शिवाय लिहिणारीने आपलीही फजिती सांगितली, म्हणून ती चिडवतेय आणि ठेचत नाही, हे परक्यालाही कळतं. आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट बघणाऱ्याला मिळाली. नुसत्या फोटोतून ती कुणाला कळली असती?

आणि बाईसाहेब, समजा आपल्या दोघींतच चालणारी थट्टा असेल, तर ती मला एकटीला पाठव ना. मीही तुला तुझी त्या सहलीतली उलटी आठवून देईन. चौघांत आणायला मी सांगितलं होतं का तुला?

तीनशे माणसांपुढे फोटो टाकण्याआधी एक फोन करता येत नाही? ‘हा टाकू का गं?’ चार शब्द आहेत. ‘नको’ म्हणाली तर दुसरा शोधा, पिशवीभर आहेत. आणि टाकल्यावर कुणी ‘काढ’ म्हणालं, तर ‘अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस, गंमत केली’ हे ऐकवू नका. गंमत झाली की नाही ते जिचा वाढदिवस तिने ठरवायचं, तुम्ही नाही. वाद नंतर घाला. आधी फोटो काढा.