शून्य नसलं तरी ओळी बदलाव्या लागतात

"डायगोनलवर शून्य आलं तरच ओळी बदलायच्या, नाहीतर कॉम्प्युटरचं काम उगाच वाढतं. आणि एकाच A साठी खूप b असतील तर इनव्हर्स काढून ठेवा, एलयूपेक्षा स्वस्त पडतो."

Ax = b अशी समीकरणं ओळींतून एकेक चल काढत सोडवायची असली की हा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो, आणि त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकतात. आधी शून्याचं बघू. 0.0001x + y = 1 आणि x + y = 2 ही दोन समीकरणं घ्या, डायगोनलवर शून्य कुठेच नाही आणि खरं उत्तर x = 1.0001, y = 0.9999 च्या आसपास आहे. आता प्रत्येक पायरीला तीनच सार्थ अंक ठेवायचे आणि ओळी न बदलता सोडवायचं. गुणक आला 10000, त्यामुळे दुसऱ्या ओळीत y चा सहगुणक 1 − 10000 = −9999, राउंड करून −10000, उजवीकडे −9998, तेही −10000. म्हणून y = 1 आणि मग वरच्या समीकरणातून x = 0! उजवीकडे 2 च्या जागी 4 असता तरी हेच आलं असतं, कारण दुसऱ्या ओळीतली माहिती त्या 10000 खाली गाडली गेली. ओळी बदलून बघा, गुणक 0.0001, y = 1, x = 1, झालं. डबल प्रिसिजनमध्ये सुद्धा हे होतंच, फक्त आकडा अजून लहान लागतो:

```python
e = 1e-20
m = 1/e
y = (2 - m)/(1 - m)
x = (1 - y)/e
print(x, y)   # 0.0 1.0
```

ओळखायचं कसं? उत्तर मूळ समीकरणांत परत टाका, इथे दुसऱ्यात 0 + 1 येतं, 2 नाही. पार्शल पिव्होटिंगमध्ये कॉलममधला चिन्ह न बघता सगळ्यात मोठा आकडा वर घेतो, म्हणून एकही गुणक 1 च्या वर जात नाही, खरा फायदा तो आहे. (मॅट्रिक्स सिमेट्रिक पॉझिटिव्ह डेफिनिट असेल तर ओळी न बदलता खरंच चालतं, पण ती खास केस झाली.)

आता काम किती वाढतं ते मोजू. n समीकरणं आहेत आणि n = 1000 धरा. एलयूला, म्हणजे A चे L आणि U असे दोन त्रिकोणी मॅट्रिक्स करायला, साधारण 2n³/3 म्हणजे 67 कोटी क्रिया. पिव्होट शोधायला n(n−1)/2 तुलना, म्हणजे जेमतेम 5 लाख. हा खर्च म्हणायचा का?

इनव्हर्सला एकूण 2n³, म्हणजे 200 कोटी, सरळ तिप्पट. बरं पुढे तरी वाचतं का, तर नाही, इनव्हर्सने b ला गुणायला 2n² आणि L, U वापरून पुढून-मागून सोडवायलाही 2n², दोन्हीकडे 20 लाखच. b हजार असोत की लाख, सुरुवातीचे ते जास्तीचे 133 कोटी कधीच भरून निघत नाहीत. त्यामुळे सायपायमधलं `lu_factor` एकदा आणि `lu_solve` दर b ला, आणि स्वतः कोड लिहिणार असाल तर ओळींची अदलाबदल b वर पण करा, बरेच जण नेमकं तेच विसरतात आणि मग दोष पिव्होटिंगला देतात.