तो मळ नाही. मानेवरून वजरी खाली ठेवा.

चवथ तोंडावर आली की गोव्यात घरं रंगवायला निघतात आणि मुलींच्या माना घासायला. आज एक आई मुलीला घेऊन आली, एका हातात लॅबचा रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात पार्लरचं पत्रक. ‘मान आणि काख उजळ, 3 सिटिंगमध्ये’. आईचा प्रश्न एवढाच होता की चवथीआधी हे करून घेतलं तर चालेल ना? रिपोर्टबद्दल तिने काही विचारलंच नाही. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितेय. लांबेल, चालवून घ्या.

मुलगी 14 वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा त्या घामट उकाड्यातही केस मोकळे सोडलेले. केस बाजूला केले तर मागे मानेवर काळपट पट्टा, आणि त्यावर लाल, सोललेल्या रेघा. घरी लिंबू झालं, बेसन झालं, शेवटी टाचा घासायची वजरी झाली. आई म्हणाली, "किती घासलं तरी मळ निघत नाही हो डॉक्टर, ही नीट न्हातच नाही." मुलगी लादीकडे बघत बसलेली. तिला घरात हे किती वेळा ऐकावं लागलं असेल, ते विचारायची गरज नव्हती.

मळ आहे की नाही हे ओळखायला एक मिनिट लागतं. कापसाच्या बोळ्यावर इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट घ्यायचं आणि पट्ट्यावर जरा दाबून पुसायचं. कातडीवर साचलेला थर असेल तर बोळा तपकिरी होतो आणि खालची कातडी स्वच्छ दिसते. असा हट्टी थर खरोखर असतो, साबणाने जात नाही आणि स्पिरिटने जातो. हिच्या मानेवर, न सोललेल्या जागी, बोळा फिरवला आणि आईला दाखवला. पांढराशुभ्र. (सोललेल्या कातडीला स्पिरिट लावू नका, नुसती आग होईल.)

मग बोटाने बघायचं. उन्हाने रापलेली मान हाताला गुळगुळीत लागते. गजकर्णाला कड असते आणि खाज असते. आपल्याकडे पावसाळ्यात काखेत ते भरपूर. पण हा पट्टा हाताला मखमलीसारखा लागतो, जाडसर, आडव्या रेघारेघांचा, आणि सहसा खाजत नाही. दोन्ही काखांत तसंच, कधी बोटांच्या पेरांवर आणि जांघेतही. जोडीला मानेवर लोंबणारे बारीक मस. या मुलीचा पट्टा मागून निघून मानेच्या दोन्ही बाजूंपर्यंत आला होता, समोरून मात्र दिसत नव्हता. समोर गळ्यापर्यंत पोचला की तो सर्वात वरच्या पायरीचा धरतात. आमच्या पुस्तकात याचं नाव अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स. नाव विसरलात तरी चालेल.

हे होतं कशाने, ते नीट कळलं की वजरी आपोआप खाली ठेवली जाते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं. हे जादा इन्शुलिन कातडीतल्या पेशींवरही काम करतं. तिथे वाढीचा संदेश घेणारी जी दारं असतात, त्यांच्यावर ते जाऊन बसतं, आणि पेशी नको इतक्या वाढतात. कातडी जाड होते, तिला बारीक घड्या पडतात आणि ती काळी दिसते. रंगद्रव्य त्यात फारसं वाढलेलं नसतं, काळेपणा मुख्यतः जाडीचा असतो. म्हणून ब्लीचने तो जात नाही. आणि घासलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. म्हणजे ती वजरी त्या पोरीच्या मानेवर उलटंच काम करत होती.

आता रिपोर्ट. याआधी शाळेच्या एका तपासणीत तिची उपाशीपोटी साखर 94 आली होती. 100 च्या आत म्हणजे नॉर्मल, कागदावर तसं छापलेलंही होतं, आणि घरच्यांनी तो विषय तिथेच मिटवला. गोम इथेच आहे. स्वादुपिंड दुप्पट राबून साखर 94 वर ठेवत असेल, तर आकडा नॉर्मलच येणार. मान त्याच्या आधी बोलते. म्हणून हा पट्टा, वजन जास्त आणि घरात मधुमेह (हिच्या आजीला आणि मामाला आहे) असं असेल तर नुसत्या उपाशी साखरेवर थांबायचं नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी करायची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करायची.

ही दोन तासांची तपासणी घरोघर बिघडवली जाते. आधीचे तीन दिवस रोजचं जेवण जेवायचं, शीत-कडीसकट. या आईने, रिपोर्ट चांगला यावा म्हणून, मुलीचा भात बंद केला होता! भात बंद ठेवून अचानक ग्लुकोज पाजलं तर आकडा उलट खोटा वर जाऊ शकतो. नशिबाने तिने फोनवर विचारलं, म्हणून तारीख पुढे ढकलली. रात्री किमान 8 तास उपास, साधं पाणी चालतं. सकाळी पहिलं रक्त. मग ग्लुकोज: मुलांना किलोमागे 1.75 ग्रॅम, पण 75 ग्रॅमच्या वर नाही. हिचं वजन 66 किलो, हिशोबाने 115 ग्रॅम होतात, म्हणून 75च. साधारण 300 मिली पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून. दोन तास बसून राहायचं. बाजारात चक्कर नाही, चहा नाही. उलटी झाली तर तपासणी रद्द. आणि बोट टोचून मशीनवर बघितलेला आकडा निदानाला चालत नाही, रक्त शिरेतलंच हवं.

तिचे आकडे: उपाशी 94, दोन तासांनी 158, एचबीए1सी 5.8. दोन तासांचा आकडा 140 च्या आत हवा, 200 ला मधुमेह म्हणतात. एचबीए1सी 5.7 च्या खाली हवी, 6.5 ला मधुमेह. म्हणजे ती मधल्या पट्ट्यात आहे, मधुमेहाच्या उंबऱ्यावर. पाळी जास्त जाणाऱ्या मुलींत रक्त कमी असेल तर एचबीए1सी खोटी वर दिसू शकते, म्हणून हिमोग्लोबिनही बघितलं. ते 12.4 होतं, तेव्हा 5.8 वर विश्वास ठेवायला हरकत नाही. फास्टिंग इन्शुलिन नावाची महागडी चाचणी पॅकेजमध्ये लोक करून घेतात. तिचा आकडा लॅबगणिक बदलतो आणि त्याने पुढचं काही ठरत नाही. ते पैसे वाचवा.

बरं, मान्य. काळी मान असलेल्या प्रत्येकाला मधुमेह नसतो. काही घराण्यांत हे बारीक माणसांतही जन्माचं असतं. काही औषधांनीही होतं, पोटात घ्यायच्या स्टिरॉइडने, गर्भनिरोधक गोळ्यांनीसुद्धा. आणि पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस असं सोबत असेल तर पीसीओएसचा विचार आधी करावा लागतो. पण एक वेगळं प्रकरण आहे. पन्नाशीच्या पुढचा बारीक माणूस, दोन-तीन महिन्यांत झपाट्याने पसरलेला काळेपणा, तळहात जाड, ओठांपर्यंत डाग आणि वजन उतरतंय, तर थांबू नका. तिथे पोटातला कर्करोग शोधावा लागतो. ते क्वचित असतं. 14 वर्षांच्या जाड मुलीत त्याचं भय घालू नका.

पार्लरवाल्या बाईवर मी सकाळी चिडले होते, आता जरा निवळलेय. तिला कोणी शिकवलंच नाही. खरा राग आहे तो फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘गोरं’ करणाऱ्या मिश्र ट्यूबवर, ज्यात स्टिरॉइड असतं. काखेची कातडी पातळ आणि सतत झाकलेली, तिथे ते हाताच्या कातडीच्या मानाने साडेतीन पट शोषलं जातं. दोन महिन्यांत काख पातळ होऊन तांबड्या चिरा पडतात, आणि त्या आयुष्यभर राहतात. डाग जाऊ शकतो, चिरा जात नाहीत.

मग करायचं काय? तिला डाएट वगैरे नाही दिलं. उंची 152 सेंटिमीटर, अजून वाढतेय. वजन 66 वर थोपवलं आणि उंची वाढली तरी बरंच साधतं. घरात विचारलं तर शाळेतून आल्यावर रोज 600 मिलीची कोल्ड्रिंकची बाटली. त्यात 60 ग्रॅमच्या आसपास साखर, तपासणीच्या ग्लुकोजच्या जवळपास तेवढीच! ती आधी बंद. पोदेराचे पाव सकाळी तीन होते, आता एक आणि अंडं. भात एक वाटी, बांगडा हवा तेवढा, तळलेला नको. रोज तासभर घाम येईल असं खेळणं. तिला फुटबॉल आवडतो हे आईला माहीतच नव्हतं! मोठ्या माणसांत वजन 5 ते 7 टक्के उतरलं तरी इन्शुलिन खाली येतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा विचार पुढे, गरज पडली तर, आणि तोही डॉक्टरनेच करायचा. लावायला फक्त 10 टक्के युरियाचं क्रीम, रात्री, मान बरी झाल्यावर. त्याने जाडी मऊ होते. मूळ इन्शुलिन उतरलं नाही तर क्रीम थांबवलं की पट्टा परत येतो.

2023 मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. आपल्याकडे चार मोठ्या माणसांमागे एक. आणि आपण मुलींच्या माना घासतोय.

चवथीपर्यंत पट्टा जाणार नाही, हे आईला स्पष्ट सांगितलं. आधी कातडी मऊ होईल, रंग नंतर उतरेल, त्याला महिने लागतात. मुलीने पहिल्यांदा मान वर करून विचारलं, "म्हणजे मी घाणेरडी नाही ना?" आई काहीच बोलली नाही, पत्रकाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. दिवाळीनंतर पुन्हा एचबीए1सी आहे. वजरी घरी आहे, पण आता फक्त टाचांसाठी.