जर्मनीतला प्रोबेशन पिरियड "नावालाच" नसतो, तो फॉरवर्ड प्लीज पुढे पाठवू नका

"जर्मनीत नवीन लायसन्स मिळालेल्यांनो घाबरू नका, दोन वर्षांचं प्रोबेशन नावालाच असतं. आपलं इंडियन लायसन्स जुनं असल्याने आपल्याला ते लागूच होत नाही. फक्त मागे स्टिकर लावा, ऑटोबानवर जाऊ नका आणि पिऊन गाडी चालवू नका. कॅमेऱ्यात सापडलात तर दंड भरा, विषय संपला. दोन वर्षं झाली की कोणी विचारत नाही."

हा मेसेज मला गेल्या महिन्याभरात तीन ग्रुपवर आला, आणि माझ्या मावसभावाने नेमकं असंच समजून जे केलं त्याचं तो आजही निस्तरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी स्टिकर आणि ऑटोबान. जर्मनीत यातलं काहीच नाही. ना प्लेट, ना स्टिकर, ना ऑटोबानबंदी, ना रात्रीची बंदी. असे नियम ऑस्ट्रेलियात वगैरे आहेत, तिथलं ऐकून कोणीतरी इकडे चिकटवलंय. इथे नवीन माणसाला गाडी सगळ्यांसारखीच चालवता येते, फरक पडतो तो चूक झाल्यावर.

आता इंडियन लायसन्स. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. आपलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावं लागतं, आणि त्यावर दोन वर्षांचं प्रोबेशन असतं ज्याला इथे प्रोबेत्साइट म्हणतात. त्या दोन वर्षांतून भारतात पर्मनंट लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ वजा होतो. लर्निंग लायसन्सचा काळ धरत नाहीत. म्हणजे तुमचं लायसन्स दहा वर्षांचं असेल तर खरंच काही उरत नाही. पण मास्टर्सला येणारी बरीच पोरं निघायच्या आधी घाईघाईत लायसन्स काढून येतात, त्यांचे काही महिने उरतातच. माझ्या भावाला पुण्यात पर्मनंट मिळालं जून २०२२ मध्ये, इथलं मिळालं फेब्रुवारी २०२४ मध्ये. वीस महिने वजा झाले, चार उरले. त्याला वाटलं की चार महिने म्हणजे काय, असेच जातील.

मे २०२४ मध्ये गावातल्या ५० च्या रस्त्यावर फ्लॅश पडला. कॅमेऱ्याने ७४ मोजले. इथे शंभरच्या आतल्या वेगात ३ किलोमीटर सूट म्हणून वजा करतात, म्हणजे ७१, म्हणजे मर्यादेपेक्षा २१ ने जास्त. हा आकडा नीट लक्षात ठेवा कारण सगळं याच्यावर आहे. कॅमेऱ्यात ७३ आले असते तर २० ने जास्त झाले असते, ७० युरो दंड, पॉइंट नाही, आणि प्रोबेशनला धक्काही नाही. एका किलोमीटरने ११५ युरो दंड आणि २८.५० फी झाली, फ्लेन्सबुर्गच्या, म्हणजे देशभरातल्या चालकांच्या चुका नोंदवणाऱ्या रजिस्टरमध्ये एक पॉइंट चढला, आणि प्रोबेशनच्या हिशोबात तो "ए" गटातला गुन्हा ठरला. ए म्हणजे गंभीर, असा एकच पुरतो. बी म्हणजे हलका, उदाहरणार्थ गाडीची टीयूव्ही, म्हणजे ठरावीक काळाने करायची तांत्रिक तपासणी आठ महिन्यांहून जास्त रखडवणं, असे दोन झाले की एक ए झाल्यासारखं. सिग्नल तोडणं ए मध्ये, हातात मोबाइल धरणंही ए मध्ये, आणि लाल सिग्नलला थांबलोय म्हणून मोबाइल उचलला तरी तो गुन्हाच, स्टार्ट-स्टॉपने इंजिन आपोआप बंद झालेलं असलं तरी तो बचाव चालत नाही.

भावाने काय केलं? पिवळा लिफाफा आला, त्यावर पोस्टमनने तारीख लिहिलेली होती, आतला आकडा बघून त्याने त्याच रात्री मोबाइलवरून १४३.५० युरो भरले आणि मला म्हणाला, "दादा मिटलं एकदाचं." इथेच ते "दंड भरा, विषय संपला" माणसाला बुडवतं. छोट्या चुकांच्या ५५ युरोपर्यंतच्या पावतीला ते खरं आहे. पण पॉइंटवाला दंड भरून गप्प बसलात की तो निर्णय पक्का होतो आणि लायसन्स ऑफिस पुढे तोच निर्णय धरून चालतं, मोजणी बरोबर होती का, गाडी तुम्हीच चालवत होता का, हे ते पुन्हा बघत नाही. हरकत घ्यायला पिवळ्या लिफाफ्यावरच्या तारखेपासून दोन आठवडे मिळतात आणि जे काही भांडायचं ते तेव्हाच. नोकरीला गाडी लागते हे कारणही इथे चालत नाही, लायसन्स ऑफिसला दयामाया करायची मुभाच कायद्याने दिलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये लायसन्स ऑफिसचं पत्र आलं. त्याचं प्रोबेशन तर जूनमध्येच संपलं होतं, म्हणून त्याला वाटलं चुकून आलंय. चुकून नव्हतं. इथे गुन्हा कधी घडला ती तारीख बघतात, पत्र कधी आलं ती नाही, आणि गुन्हा मे महिन्यातला. पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, आउफबाउझेमिनार करा, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमधला सुधारणा वर्ग, १३५ मिनिटांची चार सत्रं आणि मध्ये एकदा गाडी चालवून दाखवायची, हे सगळं स्वतःच्या खर्चाने. दोन, प्रोबेशन दोन वर्षांनी वाढलं, म्हणजे थेट जून २०२६ पर्यंत. चार महिने उरलेल्या माणसाचं असं झालं. पत्राविरुद्ध अर्ज केला तरी मुदत थांबत नाही, आणि मुदतीत सेमिनारचं सर्टिफिकेट दिलं नाही तर ते मिळेपर्यंत लायसन्स काढून घेतात. तुमच्यावर ही वेळ आली तर पत्र हातात पडताच स्कूलला फोन करा, कारण वर्ग गटाने होतो, पुरेशी माणसं जमेपर्यंत बॅच सुरू होत नाही आणि मुदत तोवर पळत असते, आणि जर्मन कच्चं असेल तर वर्ग कुठल्या भाषेत आहे तेही आधीच विचारून घ्या.

सेमिनारनंतर वाढलेल्या काळात परत एक ए किंवा दोन बी झाले तर लेखी ताकीद येते, सोबत दोन महिन्यांत ट्रॅफिक सायकॉलॉजिस्टकडे जाण्याचा सल्ला असतो, तो ऐच्छिक असतो. ते दोन महिने उलटल्यावर तिसऱ्यांदा झालं की मात्र लायसन्स जातं, आणि नवीन लवकरात लवकर तीन महिन्यांनी मिळतं. म्हणजे "एका चुकीत लायसन्स जप्त" असं घाबरवणारेही चूकच सांगतात.

राहिली दारू. "पिऊन चालवू नका" हे इतकं मोघम आहे की त्याने कोणाचंच भलं होत नाही. बाकीच्यांना रक्तात ०.५ प्रोमिल, म्हणजे हजारात अर्धा भाग दारूपर्यंत मुभा असते, त्यामुळे एक बिअर चालते हे ऑफिसात कानावर पडतं आणि आपल्यालाही ते लागू आहे असं वाटतं. प्रोबेशनमधल्या माणसाला, आणि एकवीसच्या आतल्या कोणालाही, मर्यादा शून्य आहे. वय तिशीचं असलं तरी प्रोबेशन आहे तोवर शून्यच. मोडलं तर २५० युरो, एक पॉइंट आणि ए गट, म्हणजे परत सेमिनार, तेही दारूच्या गुन्ह्यांसाठीचं वेगळं, आणि तीच दोन वर्षं. रात्री उशिरापर्यंत पार्टी करून सकाळी आठला गाडी काढणाऱ्यांचं यातच होतं. आणि कृपा करून हे पोरांना सांगा, गाडी नको म्हणून पार्टीहून भाड्याच्या ई-स्कूटरने घरी येतात ना, कायद्याने ती ई-स्कूटरसुद्धा मोटार वाहन आहे, तिच्यावरही शून्यच.