तीळ दिसत नाहीत, म्हणजे नाहीत असं नव्हे

"तीळ म्हणजे काही विष नाही. दिसले तर निवडून काढा, भाजून-तळून घेतले की ॲलर्जीचा प्रश्नच नाही. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर निर्धास्त द्या. थोडे थोडे देत राहिलं की सवय होते. आमच्या लहानपणी कुठे होत्या असल्या ॲलर्ज्या?"

मावशी, पालकांच्या ग्रुपवरचा हा मेसेज दाखवून काल तुम्ही विचारलंत, "ताई, खरं काय ते सांगा." कॅन्टीनच्या भिंतीवर लावता येईल म्हणून लिहूनच देते.

निवडून काढायची गोष्ट आधी. आमच्या आधीच्या शाळेत लेकीने वडापाव घेतला होता. कॅन्टीनवाल्या काकांनी "तीळ नाहीत गं" असं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. पिठात नव्हते, भाजीत नव्हते, पावावरही नव्हते. ते होते लाल चटणीत. लसूण, सुकं खोबरं, तिखट आणि चटणी जरा दाट व्हावी म्हणून भाजून कुटलेले दोन चमचे तीळ. लेकीचे ओठ खाजायला लागले, दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, मग उलटी झाली आणि आवाज घोगरा झाला. त्या चटणीत एकही तीळ दिसत नव्हता, निवडणार काय? गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, बाकरवडीचं सारण, भरल्या वांग्याचं वाटण, सगळीकडे तीळ असे कुटूनच जातात. चकलीत, थालीपिठात, कोथिंबीर वडीवर ते निदान दिसतात. त्यांची मला तेवढी भीती नाही.

भाजण्या-तळण्याचं म्हणाल, तर हा गैरसमज बहुतेक अंड्यावरून आला असावा. अंड्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना केकमध्ये भाजलेलं अंडं चालतं. पण तिळातली मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. उलट तळण्याने एक नवी अडचण होते. सकाळी ज्या कढईत चकल्या काढल्या, त्याच तेलात दुपारी वडे सोडले तर गळून पडलेले तीळ वड्यांना चिकटतात. तेल गाळलं तरी भुगा राहतोच.

पाकिटाच्या बाबतीत मी स्वतःही बरीच वर्षं गाफील होते. आपल्याकडच्या 2020 च्या लेबल नियमांत ॲलर्जीसाठी वेगळी सूचना द्यायची म्हणून जी यादी आहे, तिच्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे आहेत, तीळ नाहीत. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ तशा यादीत आले. म्हणजे इथल्या पाकिटावर जाड अक्षरांतली सूचना नसण्याला काही अर्थ नाही, घटकांची बारीक यादी वाचावी लागते. तिथेही मिश्र मसाल्यांना एकच शब्द लिहायची मुभा आहे. आणि खारी-टोस्टमधलं वनस्पती तूप? साजूक तुपात भेसळ केली तर चाचणीत पकडता यावी म्हणून वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायचं, असा नियमच 2011 च्या नियमावलीत होता. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण त्या नियमात कच्चं तेलही चालत होतं. म्हणून बेकरीचा सुटा माल तिला नको.

सवय लावण्याचे उपचार खरंच आहेत. ते डॉक्टर करतात, निवडक मुलांवर, मोजूनमापून आणि देखरेखीखाली. सुरुवातीचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, आणि एका तिळाचंच वजन साधारण 3 मिलिग्रॅम भरतं. चटणीच्या चमच्याने ते मोजणार कसं? (लहानपणीचं सोडा. तेव्हा तीळगूळ खाऊन आजारी पडलेल्या पोराला "पित्त झालं" म्हणत.)

आता तुम्ही काय करायचं ते. तिला पोहे, उपमा, इडली चालेल, पण पोह्यांवर फरसाण नको आणि लाल चटणी तिच्या ताटाजवळही नको. वडे द्यायचेच तर पहिल्या ताज्या तेलातले, तेही त्या कढईत चकली झालेली नसेल तेव्हाच. मसाल्याचं पाकीट बदललं की रिकामं पाकीट फेकू नका, मला फोटो पाठवा.

आणि खाल्ल्यावर खोकला, घोगरा आवाज, धाप किंवा चक्कर दिसली, किंवा गांधींबरोबर उलटी झाली, तर खाजेची गोळी देऊन वाट बघत बसू नका. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ॲड्रेनलिनचं पेन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही देता येतं. तिला आडवी झोपवा, पाय उशीवर ठेवा, धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभी करू नका, चालवू नका. मग 108, मग मी. बरी दिसली तरी दवाखान्यात न्यायचीच, कारण त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

शुक्रवारी सुट्टीनंतर सरावाचं पेन घेऊन येते, त्यात सुई नसते. तुम्ही आणि वाढणाऱ्या दोघी एकेकदा माझ्याच मांडीवर टोचून बघा.