खुलासा: नॉमिनी नसला की कोर्टच?

"बाबांच्या खात्याला नॉमिनी नाही. कोर्टाचा वारसदाखला आणल्याशिवाय बँक पैसे देतच नाही म्हणे?"

देते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, वारसांत वाद नसेल तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

समजा, शिल्लक ३,८०,००० आहे. आई आणि बहीण हिस्सा घेणार नाहीत. मुलाने अर्जात लिहावं: "व्याजासह रक्कम मला द्यावी. पुढे कोणी दावा केल्यास बँकेचं नुकसान मी भरून देईन." हेच हमीपत्र म्हणून वेगळं द्यायचं. सोबत मृत्यूदाखला, ओळखपत्र, दोघींचं ना-हरकत पत्र आणि कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं वारसांविषयीचं घोषणापत्र. या मर्यादेत जामीनदार मागता येत नाही.