अंदाज आहे म्हणूनच पट्टा मांडलाय

"पाच वर्षांनी काय होईल ते कोणालाच माहीत नसतं. फोरकास्ट म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, एनपीव्ही म्हणजे त्यावर चढवलेला मुलामा. पेबॅक बघा, बाकी माझ्या अनुभवावर सोडा."

साहेब, मशीन खरेदीच्या प्रस्तावावर तुम्ही मेसेजमध्ये लिहिलेलं हे आता माझ्या टीममधली नवी मुलंही मीटिंगमध्ये ऐकवू लागली आहेत, म्हणून लेखी उत्तर देतोय.

पेबॅकचं आधी आटोपतो. मशीनचे 100 लाख, वर्षाला सुटणार 32 लाख, म्हणजे घातलेले पैसे परत यायला तीन वर्षांहून थोडं जास्त. पण हे 32 लाख आले कुठून? त्याच फोरकास्टमधून! अंदाज काही टळला नाही. उलट शेवटच्या दोन वर्षांची कमाई हिशेबातून गेली, आणि उशिरा येणाऱ्या पैशाची किंमत कमी असते हेही सुटलं.

आता मुलाम्याचं. वर्षाला 4000 तास काम आणि खर्च जाऊन तासाला 800 धरले की 32 लाख होतात. 12 टक्के दराने पाच वर्षांच्या या रकमेचं आजचं मूल्य साधारण 115 लाख, त्यातून मशीनचे 100 वजा केले की एनपीव्ही अधिक 15. एवढाच आकडा दिला असता तर तुमचा राग रास्त होता. पण प्रस्तावात त्याच पानावर 3000 तासांना उणे 13 ते 4750 तासांना अधिक 37 असा पट्टा लिहिलाय. आणि या पट्ट्याचा खरा उपयोग पुढचा आहे: एनपीव्ही शून्यावर येतो तो सुमारे 3470 तासांना. पाच वर्षांचा नफा किती, हे तुम्हीही सांगू शकणार नाही. पण मशीन वर्षाला 3470 तासांखाली जाईल का, हे मात्र तुमच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नाही. तुमचा अनुभव मला तिथेच हवाय.

त्याहून मोठा धोका वेळेचा आहे, आणि तुमच्या मेसेजमध्ये तो कुठेच नाही. मशीन सहा महिने उशिरा सुरू झालं तर पहिल्या वर्षाचे 16 लाख जातात. ग्राहकाचा करार ठरलेल्या तारखेला संपतो, त्यामुळे ते पुढे भरून निघत नाहीत. तास पूर्ण 4000 मिळाले तरी एनपीव्ही 15 वरून 1 वर येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अंदाज चुकतात, आणि बहुतेक आपल्या सोयीच्या बाजूनेच चुकतात. फ्लुबियर्ग आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 258 वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी नऊंचा खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि सगळ्या प्रकल्पांची सरासरी वाढ 28 टक्के निघाली. तो आकडा आपल्या मशीनला जसाच्या तसा लागू नाही. पण मनाने दहा टक्के खाली-वर धरलेला पट्टाही कामाचा नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. म्हणून मी आपल्या जुन्या खरेद्यांचे मंजूर आणि प्रत्यक्ष खर्च, ठरलेली आणि खरी सुरुवात, हे अकाउंट्सकडून मागवलंय. खालचं टोक त्यावरून ठरेल.

तोवर ऑर्डर देऊ नका. ग्राहकाकडून वर्षाला किमान 3500 तासांची लेखी हमी घ्या, आणि पुरवठादाराच्या करारात उशिराचा दंड घाला.